श्रद्धांजलीचा मजकूर साच्यातून बाहेर काढताना

एखाद्या गावातील ज्येष्ठ व्यक्तीचे निधन झाले की दोन-चार दिवसांत तिच्याविषयीचा मजकूर वृत्तपत्राकडे येतो. लिहिणारा बहुधा माजी विद्यार्थी, शेजारी किंवा गावच्या मंडळाचा कार्यवाह असतो. त्याच्या मनात दुःख खरे असते, आदरही खरा असतो. मात्र कागदावर उतरलेला मजकूर वाचताना असे वाटते की हा गेल्या आठवड्यातही येऊन गेला होता, फक्त नाव निराळे होते. घरच्या माणसांसाठी हा मजकूर पुढे कात्रण म्हणून जपून ठेवण्याचा असतो. त्या कात्रणात त्यांचे माणूस दिसत नसेल, तर ती त्या माणसाच्या स्मृतीची हानी होय. म्हणून असा मजकूर दुरुस्त कसा करावा, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहणे उपयोगाचे ठरेल. उदाहरणातील शिक्षक, गाव आणि तपशील हे समजावण्यासाठी रचलेले आहेत. मजकुराची घडण मात्र नेहमी येणाऱ्या मजकुरांसारखीच ठेवली आहे.

मूळ मजकूर असा आहे, असे समजावे:

“येथील आदर्श शिक्षक, थोर समाजसेवक तथा सर्वांचे लाडके मास्तर यांचे नुकतेच दुःखद निधन झाले. मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाचे मास्तर हे हाडाचे शिक्षक होते. त्यांनी आपल्या प्रदीर्घ सेवाकाळात अनेक पिढ्या घडविल्या. शैक्षणिक, सामाजिक व सांस्कृतिक क्षेत्रांत त्यांचे योगदान मोलाचे होते. त्यांनी गावच्या विकासासाठी तन-मन-धन अर्पून कार्य केले. त्यांच्या निधनाने गावात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो, हीच प्रार्थना.”

यात सात वाक्ये आहेत. व्याकरणाची चूक एकही नाही, शब्द प्रतिष्ठित आहेत, भावना योग्य आहे. तरीही ते शिक्षक होते आणि ते वारले, यापलीकडे वाचकाला काहीही कळत नाही. वय किती, शाळा कोणती, काय केले, कोणासाठी केले, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही.

साचा ओळखण्याच्या दोन कसोट्या

पहिली कसोटी नाव बदलण्याची. प्रत्येक वाक्यातून ‘मास्तर’ आणि ‘शिक्षक’ हे शब्द काढून त्या जागी ‘वैद्य’, ‘पोस्टमन’ किंवा ‘सरपंच’ घालून पाहावे. वरील मजकुरात पहिल्यापासून शेवटपर्यंत असा बदल केला तरी एकही वाक्य खोटे ठरत नाही. मनमिळाऊ वैद्यही असतो, हाडाचा पोस्टमनही असू शकतो, गावच्या विकासासाठी सरपंचानेही तन-मन-धन अर्पिलेले असते. जे वाक्य कोणालाही लागू पडते, ते या माणसाविषयी काही सांगत नाही. अशा वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. लगेच खोडू नये; ती पुढची पायरी आहे.

दुसरी कसोटी उलट विधानाची. ‘ते मनमिळाऊ होते’ याच्या उलट ‘ते भांडखोर होते’ असे श्रद्धांजलीत कोणी कधी लिहिते काय? ‘त्यांचे योगदान क्षुल्लक होते’ असे कोणी छापते काय? ज्या विधानाचे उलट रूप त्या ठिकाणी कधीच येऊ शकत नाही, ते विधान वाचक बातमी म्हणून वाचत नाही. त्याची नजर त्यावरून घसरत जाते. ‘1971 मध्ये ते या शाळेत रुजू झाले’ हे वाक्य मात्र चुकीचे ठरू शकते. साल 1973 ही असू शकले असते. चुकीचे ठरू शकणारे वाक्यच काही माहिती देते.

या प्रकाराला फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत ‘क्लिशे’ म्हणतात. हा शब्द मुळात छपाईच्या धंद्यातला आहे. वारंवार लागणाऱ्या मजकुराचे खिळे दर वेळी जुळविण्यापेक्षा त्याचा धातूचा एकसंध ठसा ओतून ठेवीत, त्या ठशाचे ते नाव. मराठीतील ‘साचेबद्ध’ आणि ‘छापील’ हे शब्दही हेच सांगतात. ठशाचा दोष इतकाच की तो तयार मिळाल्यामुळे लिहिणारा शब्द शोधायचे थांबतो. आणि शब्द शोधायचे थांबला की आठवायचेही थांबतो.

तीन ढीग

रेघ ओढलेली सगळी वाक्ये एकसारखी नसतात. ती सरसकट खोडली तर मजकूर सात वाक्यांवरून दीड वाक्यावर येईल आणि लिहिणारा दुखावेल. म्हणून त्यांचे तीन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात केवळ टाकून देण्याचे शब्द येतात. ‘दुःखद निधन’ यातील ‘दुःखद’ हा त्यांपैकी सर्वांत परिचित. निधन सुखद नसते, हे वाचकाला ठाऊक असते. ‘थोर’, ‘आदर्श’, ‘सर्वांचे लाडके’ हे शब्दही येथेच पडतात. मात्र ‘आदर्श शिक्षक’ हा शासनाचा वा संस्थेचा पुरस्कार मिळाला असल्यास ती माहिती आहे. मग पुरस्काराचे नाव आणि वर्ष देऊन ती राखावी. ‘नुकतेच’ हा शब्द फसवा आहे. तो तारखेची जागा अडवितो आणि तारीख विचारायचे राहून जाते.

दुसऱ्या ढिगात उघडून पाहण्याची वाक्ये येतात. यांच्या आत काही तरी खरे दडलेले असते. ‘अनेक पिढ्या घडविल्या’ असे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा वर्ग, एखादा फळा, बाकावर बसलेला स्वतः तो असतो. ‘तन-मन-धन अर्पून’ यामागे एखादे काम असते, जे त्याने पाहिलेले असते. हा तपशील सांगण्याजोगा नाही, असे त्याला वाटते. वृत्तपत्रात भारदस्तच लिहावे, असा त्याचा समज असतो. या ढिगासाठी वेळ राखून ठेवावा, कारण खरा मजकूर येथूनच निघतो.

तिसरा ढीग राखून ठेवण्याच्या वाक्यांचा. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगी व दोन नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्यही साचेबद्धच आहे. हजारो वेळा छापले गेले आहे. पण ते माहिती वाहून नेते आणि ठरावीक जागी येते म्हणून वाचकाला ती चटकन सापडते. तो साचा मोडण्याचे कारण नाही. शेवटच्या प्रार्थनेचेही तसेच. ती रूढी आहे, माहिती नव्हे. घरच्यांची इच्छा असेल तर एका ओळीत ठेवावी. मंत्र किंवा आरती दर वेळी नवी असावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

याच कारणाने एका परिच्छेदाची निधनवार्ता आणि श्रद्धांजलीचा लेख यांत भेद करावा. निधनवार्तेत नाव, वय, गाव, अंत्यसंस्काराची वेळ आणि परिवार इतकेच हवे असते. तेथे साचाच योग्य, कारण वाचकाला वेळेवर पोहोचायचे असते. आठवण सांगणारा मजकूर असेल तेथे साचा आड येतो.

विशेषण नको, प्रसंग विचारावा

दुसरा ढीग उघडण्यासाठी लिहिणाऱ्याला दूरध्वनी करावा लागतो. येथे एक चूक सर्रास होते. ‘मास्तर कसे होते?’ असे विचारले जाते. ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर विशेषणच असते, त्यामुळे ‘फार प्रेमळ होते हो’ असे उत्तर येते आणि साचा पुन्हा हाती पडतो. प्रश्न क्रियापदाचा असावा. ते सकाळी शाळेत येऊन पहिल्यांदा काय करीत? तुम्ही त्यांना शेवटचे कोठे पाहिलेत, तेव्हा ते काय करीत होते? गावातील लोक त्यांच्याकडे कोणत्या कामासाठी जात? हे तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले?

उदाहरणातील माजी विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडलेला आहे. पहिल्या प्रश्नाला तो थोडा थांबतो आणि सांगतो की सत्तरीतील त्या गावात शाळेची खोली एकच होती, पहिली ते चौथीचे सगळे वर्ग त्याच खोलीत बसत आणि शिक्षक मास्तर एकटेच होते. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहायचा, त्यावर पूल नव्हता. मास्तर पलीकडच्या वाड्यावरच्या मुलांना आणायला ओहोळापर्यंत येत. काजूच्या हंगामात मुले आईवडिलांबरोबर डोंगरावर बिया वेचायला जात. मास्तरांनी त्यासाठी कधी मारले नाही. बुडालेला अभ्यास ते संध्याकाळी आपल्या घराच्या पडवीत करून घेत.

‘अनेक पिढ्या घडविल्या’ या तीन शब्दांच्या आत इतके सारे होते.

‘पोकळी’ हा शब्द उघडण्यासाठी एक वेगळाच प्रश्न उपयोगी पडतो: येत्या सोमवारी गावात कोणाचे कोणते काम अडेल? पोकळी खरोखर असेल तर ती कोणत्या तरी कामात दिसली पाहिजे. विद्यार्थी सांगतो की निवृत्तीनंतर मास्तर लोकांचे अर्ज लिहून देत. शिधापत्रिका, पाण्याची जोडणी, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, जे लागेल ते. त्यांची एक वही होती. वहीत काय होते, ते त्याला ठाऊक नाही. मास्तरांची मुलगी सांगू शकेल.

ऐकलेले पडताळून घेणे

तपशील मिळाला की काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे. ‘मोलाचे योगदान’ हे वाक्य कधी खोटे ठरत नाही. तपशील मात्र खोटा ठरू शकतो आणि तो गावातील प्रत्येकाला कळतो. साच्याचा आधार लिहिणाऱ्याला सुरक्षित वाटतो, त्याचे हेही एक कारण आहे. म्हणून साचा काढल्यानंतर पडताळणीची जबाबदारी वाढते.

विद्यार्थ्याच्या म्हणण्याप्रमाणे मास्तर जन्मभर याच शाळेत होते. मुलीला विचारल्यावर कळते की तसे नव्हते. ते 1971 मध्ये येथे रुजू झाले, 1983 मध्ये त्यांची बदली झाली आणि 2001 मध्ये ते पुन्हा याच शाळेत आले. 2008 मध्ये येथूनच निवृत्त झाले. म्हणजे एकूण 37 वर्षांच्या नोकरीपैकी या गावातील वर्षे 12 आणि 7 मिळून 19 भरतात. विद्यार्थी खोटे बोलत नव्हता. त्याच्या आठवणीत मास्तर सदैव त्या शाळेतच उभे होते. आठवण आणि नोंद यांत असा फरक नेहमी पडतो. नोकरीची साले घरातील कागदांवरून, शाळेची माहिती शाळेच्या नोंदवहीवरून घ्यावी. ‘गावातील पहिले पदवीधर’, ‘एकमेव’, ‘सर्वप्रथम’ अशी विधाने दोन स्वतंत्र माणसांनी दुजोरा दिल्याखेरीज ठेवू नयेत.

वही मुलीकडेच असते. त्यात अर्जाची तारीख, अर्जदार, कार्यालय आणि निकाल असे रकाने आहेत. नोंदी 412 आहेत. शेवटची नोंद एका वृद्धेच्या अर्जाची आहे आणि तिच्यापुढे निकालाचा रकाना कोरा आहे. येथे आणखी एक दक्षता हवी. त्या वृद्धेचे नाव छापण्याचे कारण नाही. तिच्या अडचणीची जाहिरात होता कामा नये. आजाराचा तपशील, घरातील वाद, पैशाची ओढाताण हेही घरच्यांच्या संमतीशिवाय येऊ नये. ‘अल्पशा आजाराने’ ही शब्दयोजना कित्येकदा दीर्घ आजारावरही घातली जाते. आजार सांगायचा नसेल तर ते शब्द गाळणे बरे. खोटे लिहू नये.

वाक्याची घडण

शब्द बदलले तरी कधी कधी मजकूर साच्यासारखाच वाजतो. त्याचे कारण वाक्याच्या बांधणीत असते. मराठीतील अशा मजकुरांत दोन बांधण्या विशेष आढळतात.

पहिली ‘करण्यात आले’ची. ‘विद्यार्थ्यांसाठी जादा वर्ग घेण्यात आले’ या वाक्यात वर्ग घेणारा माणूसच नाहीसा होतो. ज्याच्या स्मरणार्थ लिहायचे, तोच वाक्यातून बाहेर पडतो. ‘मास्तर संध्याकाळी पडवीत मुलांचा अभ्यास घेत’ असे लिहिले की कर्ता परत येतो, वेळ आणि जागाही आपोआप येतात. कार्यालयीन आदेशात कर्ता गौण असल्याने ‘करण्यात येत आहे’ तेथे चालते. श्रद्धांजलीत कर्ता हाच विषय असतो.

दुसरी बांधणी नामाला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडण्याची. ‘मार्गदर्शन केले’, ‘सहकार्य केले’, ‘योगदान दिले’, ‘कार्य केले’. ही सगळी क्रियापदे दिसायला क्रियापदे असली तरी कोणतीही क्रिया डोळ्यांपुढे उभी करीत नाहीत. मार्गदर्शन म्हणजे शिकविले, रागावले, वाट दाखविली की पुस्तक दिले? मराठीत साध्या क्रियापदांची वाण नाही. लिहिले, नेले, थांबले, वाट पाहिली, टिपून ठेवले. त्यांतील योग्य ते घातले की वाक्य लहान होते आणि विशेषणाची गरज उरत नाही.

दुरुस्त मजकूर

एवढे झाल्यावर मजकूर असा होतो. नाव आणि गाव येथे रिकामे सोडले आहे.

“सत्तरी तालुक्यातील … येथील सरकारी प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक … यांचे मंगळवारी सकाळी राहत्या घरी निधन झाले. ते 77 वर्षांचे होते. 1971 मध्ये ते या शाळेत रुजू झाले, तेव्हा चारही इयत्ता एका खोलीत बसत आणि शिक्षक ते एकटेच होते. ओहोळावर पूल नव्हता. पावसाळ्यात पलीकडच्या वाड्यावरच्या मुलांना आणण्यासाठी मास्तर स्वतः ओहोळापर्यंत जात. काजूच्या हंगामात मुले आईवडिलांबरोबर डोंगरावर जात. त्यांचा बुडालेला अभ्यास ते संध्याकाळी आपल्या पडवीत घेत. 37 वर्षांच्या नोकरीपैकी 19 वर्षे त्यांनी या गावात काढली. 2008 मध्ये निवृत्त झाल्यावर ते गावकऱ्यांचे अर्ज लिहून देत आणि प्रत्येक अर्जाचे पुढे काय झाले, ते एका वहीत टिपून ठेवीत. वहीत 412 नोंदी आहेत. शेवटच्या नोंदीपुढे निकालाचा रकाना कोरा आहे. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगी व दोन नातवंडे असा परिवार आहे. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो.”

यात ‘परोपकारी’ हा शब्द नाही आणि ‘पोकळी’ही नाही. वाचकाने ते दोन्ही शब्द स्वतःच मनात म्हणावेत, एवढी सामग्री मात्र आहे. मजकूर मुळापेक्षा लांब झाला आहे, हे खरे. जागा कमी असेल तर एक प्रसंग काढावा. पण दोन्ही प्रसंग काढून त्यांच्या जागी ‘विद्यार्थिप्रिय’ घालू नये.

दुरुस्ती कोठे बिघडते

साचा काढताना तीन चुका विशेष होतात. पहिली, जुना ठसा काढून त्याहून चकचकीत ठसा बसविणे. ‘हाडाचे शिक्षक’ खोडून ‘ज्ञानाचा दीपस्तंभ’ किंवा ‘अजातशत्रू’ लिहिले, तर काहीच साधले नाही. नाव बदलण्याच्या कसोटीवर तेही पहिल्यासारखेच नापास होते. शब्द दुर्मीळ असला म्हणजे तो नेमका असतो, असे नाही.

दुसरी चूक, तपशिलाचा अतिरेक. चष्म्याची काडी, छत्रीचा रंग, चहात साखर किती, हे सारे गोळा केले की माणूस दिसण्याऐवजी सामानाची यादी दिसते. तपशील त्याच्या कामाशी जोडलेला असेल तरच ठेवावा. वही ठेवली, कारण ती अर्जांची होती.

तिसरी आणि सर्वांत गंभीर चूक म्हणजे तपशील न मिळाल्यास तो रचणे. दूरध्वनी लागला नाही, घरची माणसे बोलण्याच्या स्थितीत नाहीत, छपाईची वेळ आली, असे होते. अशा वेळी नाव, वय, शाळा, तारीख आणि परिवार एवढेच चार वाक्यांत द्यावे आणि आठवणींचा मजकूर चार दिवसांनी घ्यावा. थोडके पण खरे छापल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

शेवटची तपासणी सोपी आहे. तयार मजकुरातील नाव झाकून तो त्याच गावातील अशा माणसाला वाचून दाखवावा, ज्याने तो लिहिलेला नाही. त्याने मध्येच थांबवून ‘हे आमचे मास्तर’ असे म्हटले, तर मजकूर छापण्यास योग्य झाला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि ‘चांगले लिहिले आहे, कोणाविषयी आहे?’ असे त्याने विचारले, तर पेन्सिल पुन्हा हाती घ्यावी.